पेन एक, ड्यूटी दोनदा

मी जपानमधल्या एका ऑनलाइन दुकानातून फाउंटन पेन मागवलं. पेनाचे नऊ हजार, पाठवणावळ दीड हजार आणि त्याखाली आणखी एक ओळ: आयात शुल्क व कर, ३,१९० रुपये, पार्सल घेताना काहीही द्यावं लागणार नाही. हौसेला मोल नसतं असं म्हणत मी सगळे भरले. परवा दुपारी गेटवरून कुरिअरवाल्याचा फोन आला.

"सर, पार्सल आलंय. तीन हजार आठशे चौऱ्याहत्तर रेडी ठेवा. कस्टमचे."

"कस्टमचे मी आधीच भरलेत."

"मशीनमध्ये दाखवतंय सर."

यापुढे वाद संपतो. मशीनमध्ये दाखवतंय म्हटल्यावर देवाचंही काही चालत नाही. तरी मी खाली गेलो, मोबाइलवर पावती उघडून. पोराने ती आदराने पाहिली, मग आपलं मशीन माझ्यासमोर धरलं. आम्ही दोघं एकमेकांना स्क्रीन दाखवत उभे राहिलो.

वॉचमनच्या खुर्चीत दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बसले होते. दुपारी ती खुर्ची त्यांची असते आणि वॉचमन उभा असतो. ‘कस्टम’ हा शब्द कानावर पडताच त्यांनी पेपर खाली ठेवला.

"सोनं आहे का?"

"पेन आहे, आजोबा."

"सोन्याचं?"

आता खोटं कशाला बोला. "निब तेवढी चौदा कॅरेटची आहे."

आजोबांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं साधा वाटणारा माणूस असा निघाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आमच्या मेहुण्याचा टू-इन-वन असाच धरला होता सहारला," आजोबा म्हणाले. "मस्कतहून आला होता. ऑफिसर म्हणाला, कितीचा? मेहुणा म्हणाला, वापरलेला आहे. आता वापरलेला म्हणायचं तर वरचं प्लास्टिक तरी काढायचं की नाही?"

"आजोबा, माझी ड्यूटी भरलेली आहे."

"तोही हेच म्हणत होता."

"पण मी खरंच भरलीये!"

"तोही असाच ओरडला. ओरडला की संशय वाढतो." मग कुरिअरच्या पोराकडे वळून, "किती तोळे निघालं रे?"

पोरगं बिचारं म्हणालं, "वजन चारशे ग्रॅम दाखवतंय." खोक्यासकट, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. आजोबांनी मनातल्या मनात भाव लावला आणि एकदम अहोजाहोवर आले. "भरून टाका हो तुम्ही. एवढ्या मालावर चार हजार म्हणजे काहीच नाही."

मी भरून टाकले. आजोबांच्या सल्ल्यामुळे नव्हे. पार्सल परत गेलं तर गोदामाचं भाडं वेगळं लागतं आणि पेन पुन्हा समुद्र ओलांडतं, म्हणून. यूपीआयचा आवाज गेटभर घुमला. आजोबा म्हणाले, "मेहुण्याने पण शेवटी दिलेच."

रात्री डोकं जरा थंड झाल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले. कुरिअरच्या बिलात ३,२८४ रुपये ड्यूटी, ५०० रुपये त्यांची सेवा (म्हणजे माझ्या वतीने त्यांनी कस्टमला आगाऊ पैसे भरले त्याचे) आणि त्या पाचशेवर अठरा टक्के जीएसटी, नव्वद. विकणाऱ्याने घेतले होते ३,१९०. आकडे इतके जवळचे, की दोन वेगळे कर असल्याचा बहाणाही कुणाला करता येऊ नये. फरक पडतो तो एवढ्याचसाठी, की दुकानदार आपल्या अंदाजाने हिशेब करतो आणि कस्टम सरकारने जाहीर केलेल्या विनिमय दराने.

तो हिशेबही बघण्यासारखा असतो. दर बजेटमध्ये खालीवर होतात, पण रीत ठरलेली. आधी पेनाची किंमत, तीत पाठवणावळ मिळवायची (विमानाने आलं असेल तर मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त धरत नाहीत, तेवढी दया आहे), मग विमा. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरून चालतात. या बेरजेवर ड्यूटी. मग बेरीज अधिक ड्यूटी, या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे पेन आणि खोकं घेऊन येणाऱ्या विमानाच्या तिकिटावर मी कर दिला आणि त्या करावरही कर दिला. हे एकदा झालं असतं तर मी तक्रार केली नसती. खरंच नसती.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी जिन्यात गाठून सांगितलं, "कस्टमवर रिफंडचा दावा ठोका. कायदा आहे." कायदा आहे खरा. १९६२चा कस्टम्स ॲक्ट, कलम २७: ड्यूटी भरल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि शंभर रुपयांपेक्षा कमी रक्कम असेल तर देत नाहीत. पण तो माझ्या कामाचा नव्हता. कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे आयातीची नोंद होते त्या कागदाची, प्रत मागवली, तर तीत ड्यूटी एकदाच जमा झालेली, ३,२८४. सरकारने मला दोनदा लुटलं नव्हतं. हे कळल्यावर मी थोडा निराशच झालो. सरकारवर चिडायची आपल्याला सवय असते, जपानी दुकानदारावर चिडायला शब्द सापडत नाहीत.

घोळ होता पार्सलवरच्या वेबिलात. ड्यूटी कोण भरणार, पाठवणारा की घेणारा, असा एक रकाना त्यात असतो. पाठवणारा भरणार असेल तर डीडीपी, घेणारा भरणार असेल तर डीएपी. दुकानाने माझ्याकडून डीडीपीचे पैसे घेतले आणि पार्सल डीएपीने धाडलं. कुरिअरच्या दृष्टीने त्यांचं सगळं बरोबर: कस्टमला पैसे भरले, रकान्यात लिहिलं होतं त्याच्याकडून वसूल केले. माझे ३,१९० दुकानदाराच्या खात्यात बसून आहेत, तिथून ते भारतात आलेच नाहीत.

एवढं सिद्ध केल्यावर काम सोपं व्हायला हवं, नाही का? मी दुकानाला चेकआउटची पावती, वेबिलचा फोटो, कुरिअरचं बिल आणि बिल ऑफ एंट्री असं सगळं पाठवलं. उत्तर आलं: आपल्या देशातल्या कस्टम विभागाशी संपर्क साधावा. कुरिअरला विचारलं तर ते म्हणाले, पाठवणाऱ्याशी बोला, रकाना त्यांनी भरला. पुन्हा दुकानाला लिहिलं, रकान्याभोवती लाल वर्तुळ काढून. या वेळी अतिशय नम्र उत्तर आलं. त्यांनी चूक मान्य केली, ३,१९० परत करू म्हणाले. कुरिअरच्या ५९० रुपयांबद्दल मात्र ती ‘स्थानिक सेवा’ असल्याने खेद वाटतो, एवढंच. त्यांनी रकाना चुकवला, म्हणून मला पाचशे नव्वदची सेवा मिळाली, आणि वर ती स्थानिक!

भरपाई म्हणून दहा टक्के सवलतीचं कूपन दिलंय. पुढच्या खरेदीवर चालेल. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की सवलत आयात शुल्काला लागू नाही.