शिल्लक भागिले खर्च म्हणजे रनवे नव्हे

‘इन्व्हेस्टर बँक स्टेटमेंटमध्ये शेवटची शिल्लक तेवढी बघतात. खात्यात जमा झालं ते उत्पन्न, जमा-खर्चातला फरक म्हणजे बर्न आणि शिल्लक भागिले बर्न म्हणजे रनवे, पैसे किती महिने पुरतील तो आकडा. बाकी सगळं डेकवर, म्हणजे इन्व्हेस्टरला दाखवायच्या सादरीकरणावर ठरतं.’

पणजी-पर्वरीच्या नवउद्योजकांमध्ये हा सल्ला हातोहात फिरतो आहे. स्टेटमेंट तपासायला बसलेला माणूस काय करतो, ते एका नमुन्यावरून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. पर्वरीतली एक कंपनी होमस्टेवाल्यांना बुकिंगचं सॉफ्टवेअर देते. १ ऑक्टोबरला तिच्या खात्यात ५४ लाख होते आणि ३१ मार्चला ६० लाख. सहा महिन्यांत ९४ लाख आले, ८८ लाख गेले. डेकमध्ये लिहिलंय: उत्पन्न महिन्याला दहा लाखांच्या आसपास, बर्न साधारण सव्वादोन लाख, रनवे दोन वर्षांहून जास्त.

आधी ‘जमा ते उत्पन्न’ घेऊ. तपासणारा प्रत्येक जमा नोंदीचं वर्णन वाचून तिला कप्पा देतो. या ९४ लाखांत २० लाख संस्थापकाने कंपनीला दिलेलं कर्ज आहे. १५ लाख मोडलेल्या एफडीचे, म्हणजे कंपनीचेच जुने पैसे. ग्राहकांकडून आले ५९ लाख. त्यातला १८ टक्के जीएसटी सरकारचा, तो काढला की राहतात ५० लाख. यातले २४ लाख होमस्टेवाल्यांनी सीझन उघडताना, ऑक्टोबरात, वर्षभरासाठी आगाऊ भरलेत. त्यातली निम्मीच सेवा मार्चअखेर देऊन झाली आहे. म्हणजे सहा महिन्यांचं कमावलेलं उत्पन्न २६ अधिक १२, एकूण ३८ लाख. महिन्याला सव्वासहा लाखांच्या आसपास.

ग्राहकांच्या नावापुढच्या रकमाही तशाच मान्य होत नाहीत. एखाद्या ‘ग्राहका’कडून चार लाख आले आणि दोन दिवस आधी तेवढीच रक्कम एखाद्या ‘पुरवठादारा’ला गेली असेल, तर दोघांचे मालक कोण हे विचारलं जातं. मग त्या विक्रीचं बिल जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात आहे का ते बघतात. हाच फिरवाफिरवीचा पैसा पकडायचा असतो, म्हणून एकाच खात्याचं नाही, कंपनीच्या सगळ्या खात्यांचं स्टेटमेंट मागतात.

आता बर्न. सव्वादोन लाखांचा आकडा कुठून आला ते उघड आहे: संस्थापकाचं कर्ज वगळलं, पण एफडी मिळकतीत धरली. दोन्ही वगळा. ग्राहकांचे ५९ लाख आले, ८८ लाख गेले, तूट २९ लाखांची. महिन्याला पावणेपाच लाखांहून थोडी जास्त.

तरीही हा आकडा अपुरा आहे, कारण स्टेटमेंट न दिलेली बिलं दाखवत नाही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. सप्टेंबरपर्यंत या कंपनीचे पगार महिनाअखेरीला जात होते. मार्चचे मात्र २ एप्रिलला गेले, ६ लाख. सर्व्हरचं आणि जाहिरातीचं ७ लाखांचं बिलही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चुकतं केलं. म्हणजे ३१ मार्चची शिल्लक १३ लाखांनी फुगलेली होती. खरी शिल्लक ४७ लाख, खरी तूट ४२ लाख, खरा बर्न महिन्याला ७ लाख. मार्चअखेरचं स्टेटमेंट दिलं तरी अनुभवी माणूस १५ एप्रिलपर्यंतचं मागतो ते यासाठी. पगाराची तारीख पुढे सरकली की त्याची नजर तिथेच थांबते.

रनवेच्या भागाकारात गोव्यात आणखी एक गोष्ट चुकते. ४७ भागिले ७ म्हणजे साडेसहा महिन्यांहून थोडं जास्त, असं वाटेल. पण हा बर्न सीझनमधला आहे, त्यात आगाऊ फीचे २४ लाख आलेले आहेत. एप्रिलपासून ती फी येणार नाही, पुढची वसुली ऑक्टोबरात. मासिक फी तशीच चालू राहिली असं धरलं, तरी महिन्याची तूट ७ वरून ११ लाखांवर जाते, आणि ४७ लाख ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. पावसात, चतुर्थीच्या तोंडावर, नूतनीकरणाचे पैसे यायला अजून दोन महिने बाकी असताना. संस्थापकाचं २० लाखांचं कर्ज परत करायचं ते वेगळंच. त्यामुळे स्टेटमेंट किमान बारा महिन्यांचं बघतात, म्हणजे एक पावसाळा त्यात येतो.

राहिला डेकचा मुद्दा. संस्थापकाने पाठवलेली पीडीएफ बदलता येते, म्हणून प्रत्येक ओळीवर मागची शिल्लक, जमा आणि नावे यांचं गणित जुळवून बघतात, आणि शक्य तिथे अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत, म्हणजे खातेदाराच्या संमतीने नोंदी पोचवणाऱ्या सेवेमार्फत, थेट बँकेकडून नोंदी घेतात. डेकमुळे भेट ठरते. पण सव्वादोन लाख लिहिलेलं आणि सात लाख निघालेलं एकदा दिसलं, की पुढच्या चर्चेत डेकमधला प्रत्येक आकडा पुराव्यासह मागितला जातो. त्यापेक्षा संस्थापकाने कर्ज, एफडी, आगाऊ फी आणि थकलेली बिलं वेगळ्या ओळींत दाखवून सात लाखांचा बर्न स्वतःच लिहावा, आणि पैसे ऑगस्टपर्यंतच पुरतात म्हणून किती हवेत ते मार्चमध्येच सांगावं.