कपाटाची किल्ली सुपूर्द करताना

नवे अध्यक्ष महोदय, वर्षाचा आढावा थोडक्यात सांगतो. विसर्जन मिरवणूक निर्विघ्न पार पडली, महाप्रसादाची आमटी पुरली आणि मांडववाल्याचे पैसे अजून द्यायचे आहेत. उरलेला वेळ मी पावती पुस्तकांसाठी राखून ठेवला आहे, कारण सांगलीत मंडळाचा अध्यक्ष डॉल्बीने अडचणीत येतो असे लोक समजतात, प्रत्यक्षात तो पावतीने येतो.

यंदा आपण 50 पावत्यांची 20 पुस्तके छापून घेतली, म्हणजे क्रमांक 1 ते 1000. कोणते पुस्तक कोणाकडे गेले हे वहीत लिहून समोर सही घ्यावी, असा जुन्या खजिनदारांचा आग्रह असे. परंतु आपल्याच पोरांची सही मागणे हा त्यांच्यावरचा अविश्वास ठरला असता, म्हणून मी नुसता विश्वास टाकला आणि 18 पुस्तके परत आली. 351 ते 400 आणि 751 ते 800 या पावत्या बहुधा बाप्पांसोबत कृष्णेत गेल्या असाव्यात.

परत आलेल्या पुस्तकांतील स्थळप्रतींची बेरीज 2,14,500 रुपये झाली आणि बँकेत भरणा 1,86,000 रुपयांचा निघाला. मधले 28,500 रुपये वर्गणीतूनच परस्पर खर्च झाले होते, त्यामुळे मी किरकोळ खर्चाचा आकडा सर्वांत शेवटी लिहिला आणि तो नेमका 28,500 आला. आपणही हीच पद्धत ठेवा. जमलेली रक्कम आधी पूर्ण बँकेत भरून मग धनादेशाने खर्च केला, तर बिले मागावी लागतात आणि किरकोळ या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

कार्बनच्या बाबतीत मात्र सावध राहा. मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याने सभेत आपली 5,001 रुपयांची पावती दाखवली. त्याच क्रमांकाच्या स्थळप्रतीवर 501 होते, तेही थेट पेनाने लिहिलेले. कार्बनचा निळा ठसा नसलेली स्थळप्रत उजेडात धरली की लगेच ओळखू येते, म्हणून हिशेब तपासनिसांना शक्यतो संध्याकाळी, दिवे गेल्यावर बोलवावे. रद्द केलेल्या पावतीचे दोन्ही भाग पुस्तकातच टाचून ठेवायचे असतात. आपल्या पुस्तकांत 'रद्द' अशा 11 नोंदी आहेत, देणगीदाराच्या प्रती मात्र त्यांपैकी चारच्याच आहेत. याची चर्चा सभेत चहा आल्यामुळे राहिली.

वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली की जमाखर्चही तिथे सादर करावा लागतो, ही गोष्ट मला ऑक्टोबरात कळली. आपल्याला ती आजच कळत आहे, हा आपला फायदा.

आता ही किल्ली, आणि ही चार्ज यादी. तीत '20 पुस्तके' असे लिहिले आहे. गेल्या वर्षी मीही कपाट न उघडताच सही केली होती, आणि आपण कपाटाकडे का पाहता आहात हे मला समजत नाही.