दादरला उतरणारे कॅल्शियम

फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने वही धरून, कोणत्या धातूच्या विषावर कोणता उतारा, हे उतारूंच्या कोपरांमधून पाठ करत होतो. सोमल आणि अकार्बनी पारा यांच्यासाठी बी.ए.एल., लोहासाठी डेसफेरिऑक्झामिन आणि शिशासाठी कॅल्शियम डायसोडियम ई.डी.टी.ए., एवढे ठाण्यापर्यंत बसले. बसलो नव्हतो तो मीच.

नावातल्या कॅल्शियमचे प्रयोजन मात्र कळत नव्हते. तेवढ्यात एका तरुणाने खिडकीजवळच्या काकांना विचारले, "काका, कुठे उतरणार?" काका म्हणाले, "दादर," आणि त्यांची जागा त्या क्षणी त्याच्या नावावर झाली. ई.डी.टी.ए.च्या आसनावर कॅल्शियम असेच बसलेले असते. शिसे आले की ते उठते आणि शिसे मूत्रावाटे प्रवासाला निघते. आसन रिकामे ठेवून, म्हणजे नुसते डायसोडियम ई.डी.टी.ए. टोचले, तर ते रक्तातलेच कॅल्शियम ओढून बसवते आणि रुग्णाचे हृदय बंद पडू शकते. एका शब्दाच्या चुकीवर इतकी मोठी शिक्षा आमच्या विद्यापीठातही नाही.

या ज्ञानाच्या मस्तीत मी परीक्षकांसमोर बसलो. त्यांनी रुग्ण दिला : चार वर्षांचा मुलगा, भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे खाणारा, आता झटके येत आहेत आणि रक्तात शिसे १०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.

"कॅल्शियम डायसोडियम ई.डी.टी.ए., सर."

"लगेच?"

"लगेच, सर," असे मी रुग्णवाहिकेच्या वेगाने म्हणालो.

"म्हणजे हलवलेले शिसे तुम्ही त्याच्या मेंदूत आणखी ढकलणार," ते शांतपणे म्हणाले. मेंदूवर परिणाम झाला असेल, तर आधी बी.ए.एल. ४ मिलिग्रॅम प्रति किलो स्नायूत खोल टोचायचे आणि चार तासांनी, लघवी होते आहे याची खात्री करून, बी.ए.एल.च्या पुढच्या मात्रेबरोबर ई.डी.टी.ए. सुरू करायचे. शिवाय बी.ए.एल. शेंगदाण्याच्या तेलात असते, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे टोचण्यापूर्वी विचारायचे. माझ्या खिशातली चणे-शेंगदाण्याची पुडी हे ऐकून उगाचच कुरकुरली.

"आता दुसरे मूल. आईच्या लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या आहेत आणि ते शुद्ध हरपत चालले आहे."

नुकताच शिकलेला धडा वाया जाऊ नये म्हणून मी ठामपणे उत्तरलो, "आधी बी.ए.एल., सर, आणि चार तासांनी डेसफेरिऑक्झामिन."

सरांनी चष्मा काढला. लोह आणि बी.ए.एल. यांचे संयुग स्वतःच विषारी असते, हे त्यांनी मला सांगितले, आणि मग बाहेरच्या शिपायाला हाक मारून पुढचा विद्यार्थी आत पाठवायला सांगितले.