दोन नंबरच्या पाकिटावर आमचं नाव

परवा गंगाखेडकडच्या एका गावात जत्रेची कबड्डी होती आणि आम्ही चुकून म्हणा, नशिबानं म्हणा, फायनलला गेलो. आमचे दोन चांगले गडी ऊसतोडीला गेलेले, त्यामुळं सात अन् एक राखीव एवढीच टीम. समोर तालुक्याचा संघ, सगळ्यांच्या गुडघ्याला एकसारखे नी-कॅप. आमच्या बाळूच्या गुडघ्याला जुन्या सॉक्सचा तुकडा.

मॅचआधी पोरांना लिंबाखाली बसवलं. शौर्याबिर्याचं काही बोलणार नव्हतो, ते पाहुणे माईकवर बोलतच होते. मला तीनच गोष्टी सांगायच्या होत्या.

पहिली, गेम हळू करा. एका चढाईला तीस सेकंद मिळतात, वीस मिनिटांच्या हाफात दोघांच्या मिळून साधारण चाळीस चढाया, म्हणजे आपल्या वाट्याला वीस. ते दहा सेकंदांत परत येणारे लोक, त्यांच्या नादानं आपण पळायलो तर त्यांना चढायाच जास्त मिळणार. निदान रेषा ओलांडायची, वेळ खायचा, परत यायचं, जोर तिसऱ्या चढाईला लावायचा. कारण दोन रिकाम्या गेल्या की तिसरीला पॉइंट आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद.

दुसरी, त्यांचा मेन रेडर बोनसवर जगतो. आपले सहा-सात जण आत असले की पाय लांबवून बोनस घेतो. त्या पायावर झडप घालू नका, त्याला तेच पाहिजे असतं. पाच उरले की बोनस बंद, मग त्याला अंगावर यावंच लागतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. म्हणलं, "आता नीट ऐका, तीन जण उरले की..."

"तीन नंबरला काही नाही भाऊ, बक्षिसं दोनच हैत."

मागं वळून बघतो तर कमिटीचे एक काका. बगलेत फाईल, हातात पाकिटांचा गठ्ठा.

"टीमचं नाव काय म्हनलाव? पाकिटावर टाकायचंय."

"कोणत्या पाकिटावर?"

"दोन नंबरच्या."

"काका, मॅच व्हायचीय अजून."

"हो ना, म्हनूनच आलो. पाहुण्यांना पुढं एका लग्नाला जायचंय, नंतर घाई होती."

"मग पहिल्या नंबरचं?"

"ते सकाळीच लिहिलं की."

त्यांच्या तोंडावर ना हसू, ना कुचकेपणा. हिशोबी माणूस, काम उरकायलाय. राग यायचा तर कुणाचा यावा? तेवढ्यात त्यांचा पेन चालंना, त्यांनी माझ्याच खिशातला काढून घेतला, तळहातावर गिरवून बघितला आणि फाईलमधून व्हाउचर काढलं. "इथं कॅप्टनची सही. सात हजार एक मिळाले म्हनून."

"मिळाले कुठं?"

"मिळतीलच की. हारल्यावर तर पक्केच हैत." हे त्यांनी अगदी धीर दिल्यासारखं सांगितलं. मग पोरांकडं बघून म्हणले, "यांचं जेवन झालं का? नसलं तर आत्ता खाऊ नका, पोट दुखतं. फोटोत डावीकडं उभं ऱ्हायचं, उजवीकडं विजेते."

आमच्या राखीव पोरानं, काका जावेत म्हणून, माझ्या नावानं सही ठोकली. काका गेले, पेन घेऊनच गेले आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. तिसरी गोष्ट तोंडातच राहिली.

ती अशी होती, की तीन किंवा कमी गडी उरले असताना रेडर पकडला तर एकाऐवजी दोन पॉइंट मिळतात, अव्वल पकड. म्हणून तीन उरले की घाबरून मागच्या रेषेला चिकटायचं नाही. दोघांनी कोपरे धरायचे, तिसऱ्यानं मधी थांबायचं, रेडरला आत येऊ द्यायचं, तो परत फिरला की कोपऱ्यानं घोटा धरायचा आणि त्याच क्षणी बाकीच्या दोघांनी अंगावर पडायचं. एकट्यानं धरलं तर रेडर त्याला घेऊनच मध्यरेषा गाठतो.

सेकंड हाफमधी बरोबर तीन उरले. बाळूनं घोटा धरला, पकड काय सुंदर होती, आणि बाकीचे दोघं रेषेपाशी उभे राहून बघायलेत! रेडर बाळूला फरफटत घेऊन गेला, सॉक्सचा तुकडा मैदानात राहिला. पुढं ते दोघंही गेले, लोण चढला, लोणाचे वरचे दोन पॉइंट त्यांना. मॅच ३१-२८. आमचे हुकलेले दोन, त्यांचे लोणाचे दोन, तुम्हीच करा हिशोब.

गावोगाव हेच आहे. नारळ फोडायला, सत्काराला, टोप्या घालायला दीड तास आणि खेळणाऱ्याला आपल्या पोरांशी बोलायला पाच मिनिटं नाहीत. वर पाहुणे म्हणणार, मराठवाड्यातली पोरं मागं का पडतात.

बक्षीस घेताना काकांनी पाकीट माझ्या हातात दिलं, गावाच्या नावात काना खाल्लेला. पेन मागितला तर म्हणले, "कोनता पेन?" आणि लगेच पाहुण्यांकडं वळून, "सही आधीच घेतली म्हनून बघा कसं पटकन उरकलं."