सातवी ‘ब’चा उलटा पंखा

शाळेने मला बोलायला दोन मिनिटं दिली आणि सोबत भाषणही दिलं. छापील. बाई म्हणाल्या, “सर, तुम्हाला तयारीचा त्रास नको म्हणून आम्हीच काढून ठेवलंय. तुम्ही फक्त वाचायचं.” उभी नोकरी विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाला विजेवरचं भाषण कोणीतरी नेटवरून काढून देतं, ही गोष्ट मी अजून पचवतोय. त्यात पहिल्याच परिच्छेदात ‘येथे आपल्या शाळेचे नाव लिहा’ असं छापलेलं होतं आणि ते नाव कोणी लिहिलेलं नव्हतं.

१४ डिसेंबर, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. सकाळचा परिपाठ, पटांगणात स्वेटर-कानटोप्या घातलेली पोरं, आणि परिपाठाच्या पाच मिनिटं आधी मी उगाच पहिल्या मजल्यावर चक्कर मारायला गेलो. सवय वाईट. निवृत्त झालो तरी कुठेही गेलो की नजर आधी छताकडे आणि स्विचबोर्डाकडे जाते. लग्नाच्या हॉलमध्ये मी वधूवरांच्या आधी न्यूट्रल बघतो, असं माझी बायको चारचौघांत सांगते.

तर वर्ग सगळे रिकामे, खिडक्यांतून झोंबरं वारं, आणि तीन वर्गांत पंखे सुरू. डिसेंबरात. मी सहावी ‘अ’त शिरलो आणि बटणाकडे हात नेला.

“साहेऽब! हात नका लावू!”

दारात शिपाईमामा उभे होते. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात पुरुषभर उंचीचा बांबू, आणि त्या बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं. मला वाटलं जळमटं काढायचा असेल.

“मामा, वर्गात कोणी नाही. पंखा कशाला?”

“आता बंद केला तर सुरू कोण करणार?”

“बटण दाबलं की होईल की.”

मामांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला माझी डिप्लोमा परत करावीशी वाटली. “बटण दाबून नुसता गुणगुणतो तो. हलत नाही. मग हा बांबू लागतो.” बांबू त्यांनी जरा वर करून दाखवला. “पात्याला एक ढोसणी दिली की लागतो पळायला. पण साहेब, माझं वय बघा. तीन वर्ग, रोज सकाळी तीन ढोसण्या. एकदा सुरू केला की मी बंदच करत नाही. बंद केला तर पुन्हा मान वर करायची.”

“रात्री?”

“रात्री पण चालू.”

“रविवारी?”

“रविवारी मी येतो का ढोसायला?”

“आणि दिवाळीच्या सुट्टीत?”

मामा गप्प बसले. मग म्हणाले, “एकदा लाईट गेलेली. परत आली तेव्हा आम्ही कोणी नव्हतो. दोन दिवस नुसता गुणगुणत बसला असेल. उघडून बघतो तर वर्गात जळका वास. तो पंखा काढून नवा वाइंडिंग करून आणला. तेव्हापासून आपण बंद करायच्या भानगडीत पडत नाही.”

हे शेवटचं वाक्य सोडलं तर माणूस शंभर टक्के बरोबर बोलत होता, आणि तेच मला जास्त लागलं. वीज आहे पण पंखा फिरत नाही, अशा अवस्थेत वाइंडिंगमधून प्रवाह जातच राहतो, वारा नसल्यामुळे मोटर थंड होत नाही, आणि ती तापून तापून जळते. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, वासावरून शिकले होते.

“मामा, याचा कंडेन्सर गेलाय.”

“माहितीये की. तिन्हींचे गेलेत.”

आता इथे मी थोडा वाहवत जाणार आहे. दोन मिनिटांच्या भाषणात हे सांगायला मिळालं नाही, म्हणून इथे सांगतो. घरातली आणि शाळेतली वीज एका फेजची असते. तिच्यावर मोटरमध्ये जे चुंबकक्षेत्र तयार होतं ते जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, गोल फिरत नाही. त्यामुळे पंख्याला कुठल्या बाजूला जायचं तेच कळत नाही आणि तो लग्नाळू मुलासारखा उभ्या जागी गुणगुणतो. म्हणून पंख्यात दुसरं एक वाइंडिंग असतं आणि त्याच्यातला प्रवाह कंडेन्सर थोडा पुढे सरकवतो. दोन्हींचं मिळून क्षेत्र फिरायला लागतं आणि पंखा आपला आपण निघतो, दर वेळी त्याच दिशेला. कंडेन्सर मेला की ही दिशा दाखवणारा कोणी उरत नाही. बाहेरून ढकलायचं. मग ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला तो फिरत राहतो, जरा मंद, जरा आवाज करत.

“ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला,” हे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, “मग मला काय सांगता? चला, सातवी ‘ब’ दाखवतो.”

सातवी ‘ब’चा पंखा उलटा फिरत होता. खरोखर उलटा. खाली उभं राहिलं तर वारा शून्य, आणि वर छताला लागून लटकवलेली ‘थोरांची वचने’ फडफडत होती. पोरांनी मामांचा बांबू पळवून चुकीच्या बाजूने ढोसला होता. साडेदहाला घाम फुटायच्या दिवसांतही तो पंखा सगळा वारा छताकडे पाठवत होता, असं मामा म्हणाले. मी विचारलं, थांबवून सरळ का नाही केला? तर मामा म्हणाले, “गणिताच्या सरांना वारा सोसत नाही. ते म्हणाले राहू दे असाच.”

म्हणजे पंखा सुरू, वारा कोणालाच नाही, आणि हे सगळ्यांच्या सोयीचं.

मी तिथेच खिशातून पेन काढलं आणि मला दिलेल्या भाषणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. मामा बांबूवर रेलून बघत होते. जुना पंखा, साधारण ६० वॉट धरला. शाळा सहा तास. उरले अठरा तास, ज्यांत वर्गात पालीशिवाय कोणी नाही. अठरा गुणिले साठ, १०८० वॉट-तास, म्हणजे एक युनिटपेक्षा थोडं जास्त. एका पंख्याचं रोजचं. तिन्ही पंख्यांचं महिन्याला जवळपास सत्त्याण्णव युनिट, तेही रविवार-सुट्टीच्या दिवशीचे शाळेचे सहा तास न धरता. वीज आकार, वहन आकार, शुल्क सगळं मिळून युनिटला आठ रुपये धरले तर पावणेआठशे रुपये. आणि अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभराच्या आत मिळतो. पंख्याच्या वरच्या वाटीत असतो, दोन वायरी.

“मग तीनशे रुपयांसाठी हे महिन्याला पावणेआठशे जाळताय?”

“मी नाही जाळत. मी फक्त ढोसतो.”

तेवढ्यात खाली घंटा झाली.

परिपाठात मी छापील भाषण वाचलं नाही. ते ‘वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे’ने सुरू होत होतं, आणि सातवीतल्या पोराला राष्ट्राची संपत्ती म्हटलं की ते ती राष्ट्रावर सोडून मोकळं होतं. मी सरळ विचारलं, “पंखा खोली थंड करतो का?” सगळी पोरं कोरसमध्ये “होऽऽऽ.” मी म्हटलं, नाही. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. ती हलती हवा अंगावरचा घाम वाळवते म्हणून आपल्याला गार वाटतं. वर्गात अंगच नसेल तर तो कोणाला गार करणार? उलट मोटर तापते, म्हणजे रिकामा वर्ग तेवढा उबदारच होतो. पोरांना हे पटलेलं दिसलं. पुढच्या रांगेतल्या एकाने हात वर करून विचारलं, “सर, मग पालीला गार वाटतं का?” मी म्हटलं, पालीला घाम येत नाही. प्रचंड टाळ्या. सगळ्या नोकरीत माझ्या कुठल्या वाक्याला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मग म्हटलं, दिव्यापेक्षा पंख्याकडे बघा. आता वर्गात एलईडी ट्यूब आहेत, त्या वीस वॉटच्या. जुना पंखा तिच्या तिप्पट खातो. आपण दिवा मात्र आठवणीने बंद करतो, कारण तो दिसतो, आणि पंखा विसरतो. इथून मी कंडेन्सरकडे वळणार होतो. “पण तुमच्या शाळेत तीन पंखे असे आहेत की जे–” एवढं म्हणालो आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माईक ओढून घेतला. “सरांनी आपल्याला *पाणी* वाचवण्याविषयी अमूल्य मार्गदर्शन केले. सरांचे मनःपूर्वक आभार.” तिचा दोष नाही, तिच्याही हातात छापील कागद होता. गुलाबाचं फूल मिळालं.

हसण्यावारी नेलं असतं. पण नंतर ऑफिसात बसल्यावर मी कंडेन्सरचा विषय काढला तर मोठ्या बाई म्हणाल्या, “खर्च व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा लागतो, सर. तीन कोटेशनं लागतात.” मी म्हटलं, वस्तू शंभराच्या आतली आहे. म्हणाल्या, “तीन वस्तू आहेत ना?” आणि बिल भरायला कोटेशन लागत नाही. वाया गेलेली वीज कोणी विचारत नाही, तीनशे रुपयांच्या खरेदीला मात्र ठराव लागतो. पोरांना रांगेत उभं करून “बटण बंद करा” सांगायचं आणि जे बटण बंद केलं की पंखा मरतो त्याचं नाव काढायचं नाही, याला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही. घरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वखर्चाने तीन कंडेन्सर घेऊन गेलो. क्लार्कनी आनंदाने घेतले आणि विचारलं, “हे नोंदवायचे कुठे? डेडस्टॉकला की खर्ची पडणाऱ्या वस्तूंत?” मी म्हटलं, काही वर्षं टिकतो. “मग डेडस्टॉक. पण पंखा आधीच डेडस्टॉकला आहे, त्याचा भाग पुन्हा कसा धरायचा?” यावर त्यांनी वरून मार्गदर्शन मागवायचं ठरवलं आणि देणगीदार म्हणून माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, दोन प्रतींत. कंडेन्सर त्यांच्या खणात गेले. खणाला कुलूप.

बाहेर जिन्यात मामा भेटले. सगळं ऐकून बांबू भिंतीला टेकवून म्हणाले, “तिकडे कशाला नेले साहेब? मला दिले असते तर रविवारी येऊन गुपचूप बसवून टाकले असते.”

हे त्यांनी मला आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?