शिवेवरचा महार आणि ज्येष्ठातला निकाल

«पूर्वी तारखांवर तारखा नव्हत्या. गावात पंच बसायचे, आपले धर्मग्रंथ उघडायचे आणि संध्याकाळपर्यंत निकाल! पैसा लागत नव्हता, लहानमोठा भेद नव्हता, आणि निकाल सगळे मानायचे. इंग्रजांनी कोर्टं आणली आणि हे सगळं बुडालं.»

असं अनेकदा ऐकू येतं. एकेक दावा तपासू; आधी ग्रंथांचं बघू. त्यासाठी एकच तंटा धरतो, शिवेचा. दोन गावांची हद्द कुठून जाते हे भांडण स्मृतींतही आहे आणि मराठेशाहीतल्या कागदांतही आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेचा भाग वाचला की आश्चर्य वाटतं. लिहिणाऱ्याला शेत माहीत होतं. हद्द ठरवायची ती ज्येष्ठात, असं तो सांगतो, कारण तेव्हा बांध उघडे पडलेले असतात. पीक नाही, गवत नाही, पाऊस अजून यायचा आहे. वरच्या खुणा, म्हणजे झाडं, तळी, विहिरी, कुणीही हलवू शकतो किंवा नाकारू शकतो, म्हणून जमिनीखाली खुणा पुरायला सांगितल्या आहेत: दगड, हाडं, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, शेणाच्या गोवऱ्या, विटा, कोळसा, खडी, वाळू. पुरून ठेवल्यावर वर्षानुवर्षं टिकावं असंच यातलं बहुतेक सामान. साक्षीदार कोण? आधी शेजारच्या गावांचे लोक. ते नसतील तर शिकारी, पारधी, गुराखी, मासे धरणारे, कंदमुळं खणणारे, साप पकडणारे, रानात हिंडणारे. म्हणजे ज्याचे पाय रोज त्या जमिनीवर पडतात तो. हे लोक तांबडी वस्त्रं नेसून, गळ्यात माळा घालून, डोक्यावर माती घेऊन शपथेवर शीव चालून दाखवायचे. खोटी शीव दाखवली तर दोनशे पण, म्हणजे तेव्हाची नाणी, दंड, आणि शेजारचे गावकरी खोटं बोलले तर प्रत्येकाला मध्यम दंड, म्हणजे पाचशे पण.

आता हे वाचून कुणी म्हणेल, बघा, ग्रंथ होतेच की! होते. पण पंचांच्या मांडीवर उघडलेले नव्हते. मराठेशाहीतले महजर, म्हणजे सभेपुढच्या पुराव्याचे आणि निकालाचे कागद, बघितले तर त्यांत श्लोक क्रमांकाने आधार देऊन निकाल दिलेला फारसा दिसत नाही. दिसतं ते असं: अमक्याचा कागद पाहिला, अमक्याचा भोगवटा इतक्या पिढ्यांचा, शेजारच्या गावांच्या पाटलांनी इमानाने असं सांगितलं, सबब अमका खरा. याज्ञवल्क्याने पुराव्याचा जो क्रम सांगितला, लेख, भोगवटा, साक्षी, आणि यांतलं काहीच नसेल तर दिव्य, म्हणजे दैवी कसोटी, त्याच क्रमाने हे पंच चालतात. मला वाटतं, श्लोक वाचून नाही, तर शतकानुशतकं मुरलेल्या रिवाजामुळे. ग्रंथ सांगायला शास्त्री लागत. तो परगण्याच्या कसब्यात किंवा पुण्यात मिळायचा, आणि त्याला विचारायचं ते बहुधा प्रायश्चित्त, वारसा किंवा दत्तकाच्या प्रश्नावर. ओढ्याच्या अलीकडचं शेत कुणाचं हे त्याला कुठून माहीत असणार?

हे फक्त आपल्याकडचं नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीने जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली संहिता जगाला ठाऊक आहे. पण त्याच काळच्या, प्रत्यक्ष तंट्यांच्या मातीच्या पाट्यांवर त्या दगडातलं कलम दाखवून निकाल दिल्याची उदाहरणं जवळजवळ नाहीत. संहिता राजा कसा न्यायी आहे हे सांगते. तंटा मात्र साक्ष, शपथ आणि शेजाऱ्यांच्या तोंडावर सुटतो.

मग संध्याकाळपर्यंत निकाल. दोन गावांत शिवेचा वाद असेल तर कोणत्या गावाचे पंच बसणार? वरच्या गावचे बसले तर खालचं गाव मानणार नाही. म्हणून तंटा परगण्याच्या गोतसभेकडे जायचा: देशमुख, देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार. त्या सभेचाही भरवसा नसला तर दूरचं ठिकाण, म्हणजे ‘परथळ’, मागता येत असे. ही सोय चांगलीच होती, पण वेळखाऊ.

एक नमुना घेऊ. गाव खरं नाही, पायऱ्या मात्र कागदांत दिसतात त्याच. ओढ्याने पात्र बदललं आणि वरच्या गावची सात-आठ बिघे जमीन पलीकडे गेली. कार्तिकात, खरिपाची मळणी झाल्यावर, वरचं गाव तक्रार घेऊन जातं. दोन्ही बाजूंकडून राजीनामा घेतला जातो. आजच्या अर्थाचा नाही; निकाल मान्य करीन असं आधीच लिहून देणं म्हणजे राजीनामा. सोबत जामीनकतबा, कारण हरणारा गायब व्हायला नको. मग दोघांची तकरीर, म्हणजे आपापलं म्हणणं लेखी. त्यावर पुरसीस, उलटतपासणीच म्हणा. पुढे साक्षी. दहा गावांचे पाटील एकाच दिवशी एका पारावर जमवून पाहा म्हणजे कळेल! रब्बी काढायची असते, लग्नसराई असते. सभा मोडते, पुन्हा बसते. शेवटी कागद दोघांकडेही अर्धवट, साक्षी दोन्हीकडे विभागलेल्या, तेव्हा ठरतं की शीव चालून दाखवायची. ती ज्येष्ठात. आणि चालून दाखवल्यावरही लगेच निकाल नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत कात्यायन या स्मृतिकाराचा जो नियम येतो त्यानुसार शीव चालल्यावर तीन पंधरवडे, म्हणजे दीड महिना थांबायचं. चालणाऱ्याच्या घरात मृत्यू, आग, मोठं दुखणं असं दैवाचं संकट आलं तर तो खोटा. प्रत्यक्ष रिवाजात ही मुदत गावागावात कमी-जास्त असे. या नमुन्यात ती दीड महिन्याचीच धरली तर निकाल लागतो श्रावणात. कार्तिक ते श्रावण, नऊ महिने. हे अडकलेलं प्रकरण नव्हे, सरळ चाललेलं आहे.

आणि हो, चालायचं कुणी? महाराष्ट्रात बहुतेक वेळा वतनदार महाराने. शीव त्याच्या ओळखीची, वेशीवरची राखण त्याची, म्हणून त्याच्या शब्दाला तोलही होता. इथेच भेदाभेदाच्या दाव्यावर बोलावं लागतं. ज्याच्या पायांवर गावाची हद्द ठरायची, तो सभेत बाजूला, खाली बसायचा. महजरावर सह्या उतरत यायच्या त्या देशमुखापासून खाली: पाटलाची नांगराची निशाणी, मग बलुत्यांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या, महाराचं नाव शेवटाकडे. आणि दीड महिन्यात त्याचं पोर आजारी पडलं तर खोटा तो ठरायचा, पाटील नाही. ग्रंथ याहून उघड आहे. मनुस्मृतीत क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण, ब्राह्मणाने क्षत्रियाला दिली तर पन्नास, शूद्राला दिली तर बारा. आणि शूद्राने ब्राह्मणाला दिली तर दंडाची भाषाच संपते, थेट शारीरिक शिक्षा. त्याच अध्यायात चोरीसाठी उलटी चढण आहे, शूद्राला आठपट तर ब्राह्मणाला चौसष्टपट दोष, हेही सांगायला हवं. पण भेद नव्हता असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते श्लोक पुन्हा वाचावेत.

खर्चाचं थोडक्यात. कोर्ट फी नव्हती हे खरं. जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरायची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. ठरलेला दर नसे, ऐपत आणि वतनाचा मोठेपणा पाहून आकडा बसवला जाई. शिवाय इतके दिवस जमलेल्या मंडळींची ऊठबस कुणाच्या घरी?

निकाल सगळे मानत, यात एक गोष्ट विसरली जाते: मानण्यासाठी केवढी तयारी लागत होती. आधी राजीनामा, जामीन. निकालानंतर हरणाऱ्याकडून यजितखत, म्हणजे ‘मी खोटा, पुन्हा हा वाद काढणार नाही’ असा लेखी हार-कागद. जिथे लोक आपसूक मानतात तिथे असा कागद कोण मागतो? आणि तो असूनही पुढच्या पिढीत तोच वाद दुसऱ्या अंमलदारापुढे निघाल्याचे दाखले वतनाच्या कागदांत सापडतात. स्मृतिकारांनाही हे ठाऊक होतं. कुळाचे, श्रेणीचे म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचे, पूगाचे म्हणजे एका गावातल्या निरनिराळ्या लोकांच्या समूहाचे, आणि राजाने नेमलेले अशी न्याय करणाऱ्यांची उतरंड याज्ञवल्क्य देतो, खालच्याचा निकाल वरच्याकडे नेता यावा म्हणून. आणि पक्षपाताने निकाल दिला असं ठरलं तर सभासदांना आणि जिंकलेल्याला वादाच्या दंडाच्या दुप्पट दंड. पंच चुकणारच नाहीत असा विश्वास असता तर हा नियम कशाला लिहिला असता?

पैशाच्या देण्याघेण्यात तर पंचांचा निकाल वसूल करणं हे जिंकणाऱ्याचंच काम. तगादा लावायचा. इंग्रज कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात पेशव्यांच्या मुलखातल्या या तगाद्याचं वर्णन केलंय: नुसत्या मागण्यापासून ते दारात पहारा बसवणं, जेवू न देणं, डोक्यावर दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभं करणं, इथपर्यंत.

आता इंग्रजांवरचा आरोप. हाच एल्फिन्स्टन त्या अहवालात पंचायतीची उणीव मोजतो, की पंच विनापगारी, जमवायला कठीण, आणि निकाल बजावायची ताकद नाही. तरी ती मोडू नका, हीच देशाची चालती पद्धत आहे, असंही तोच म्हणतो. पेशवाई गेल्यावर लगेच पंचायती बंद पाडल्या नाहीत. उलट पहिल्या वर्षांत तंटे पंचांकडे जावेत असाच रोख होता. लोकच हळूहळू कोर्टाकडे वळले, कारण तिथल्या हुकूमनाम्यामागे जप्तीचा कारकून होता.

शिवेच्या बाबतीत तर कोर्टाचाही फारसा संबंध नाही. 1835 मध्ये इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजायला सुरुवात केली. साखळीने मोजलेलं शेत, त्याला सर्व्हे नंबर, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड, कचेरीत नकाशा. मोजणी जसजशी तालुक्यातालुक्यांतून पसरली, तसतसं शीव माहीत असणं हे महाराच्या डोक्यातून निघून नकाशाच्या कागदावर गेलं. गावाला मग ज्येष्ठाची वाट पाहायची गरज उरली नाही, आणि वतनातलं महाराचं एक काम तेवढं कमी झालं.