माटोळीतला आंबा

ॲनिमेशनमध्ये सगळ्यात अवघड काय, असं कोणी विचारलं की लोकांची अपेक्षा असते मी समुद्राची लाट म्हणेन, नाहीतर घोड्याची चाल म्हणेन. नाही हो. सगळ्यात अवघड असतो तो ड्राफ्ट पाठवल्यानंतरचा रविवार. त्या दिवशी क्लायंटच्या घरी सगळी मंडळी जेवायला जमलेली असतात आणि माझा ड्राफ्ट शीतकढीबरोबर ताटात वाढलेला असतो.

यंदाचं गिऱ्हाईक फोंड्याकडचं, काजूचा पिढीजात धंदा. चवथीसाठी चाळीस सेकंदांची जाहिरात हवी होती. गणपतीचा उंदीर तुळईवरून पळत येतो, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, लोंबकळतो आणि फळं सोडून खालचा काजूचा डबा पळवतो, एवढीच गोष्ट. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे एक हजार फ्रेम. त्यातली एकही रंगवण्याआधी आम्ही ॲनिमॅटिक दाखवतो: स्टोरीबोर्डची स्थिर चित्रं वेळेनुसार एकामागून एक लावलेली, सोबत कच्चा आवाज. इथे शॉट काढून टाकायला पाच मिनिटं लागतात. तोच शॉट रंगवून, हलवून, रेंडर झाल्यावर काढायचा तर एका माणसाचा आठवडा पाण्यात जातो. म्हणून जे बोलायचं ते इथेच बोला, अशी माझी हात जोडून विनंती असते. विनंती ऐकली जाते. सगळेच बोलतात.

थोरल्या पात्रांवांचा, म्हणजे दोघा मालक भावांतल्या मोठ्यांचा, निरोप आला, “छान आहे, पण शेवटाकडे जरा कंटाळा येतो.” धाकट्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे मिक्सर चालू: “आपला लोगो शेवटी जरा जास्त वेळ ठेवा हां.” वहिनींनी लिहिलं, “उंदीर गोड करा.” पुतण्याने स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर लाल गोल, शब्द एकही नाही. आणि तिघांनी स्वतंत्रपणे कळवलं की चित्रात रंग भरायचे राहिलेत आणि कोपऱ्यातले आकडे वाईट दिसतात.

त्या आकड्यांवर माझं पोट आहे. प्रत्येक ड्राफ्टच्या कोपऱ्यात मी तीन गोष्टी छापतो: आवृत्ती, शॉट क्रमांक आणि वेळ. नुसत्या वेळेवर विसंबलं की काय होतं ते ऐका. दुसऱ्या आवृत्तीत मी शॉट 030 दोन सेकंदांनी आखडला. पुतण्याचा शेरा आला, “तेविसाव्या सेकंदाला हात वाकडा.” उघडून पाहतो तर तिथे नारळ! हात त्याने पहिल्या आवृत्तीत पाहिला होता, जी घरच्या ग्रुपवर अजून फिरत होती. नव्यात तो एकविसाव्या सेकंदाला सरकला होता. शॉट क्रमांक मात्र सरकत नाही. क्रमांक दहादहाच्या अंतराने देतो तेही त्यासाठीच. मध्ये नवा शॉट घुसवायचा झाला तर त्याला 035 म्हणायचं, पुढच्यांची नावं बदलत नाहीत. तेव्हापासून नियम केला: शेऱ्याला आवृत्ती आणि शॉट नसेल, तर तो शेरा नव्हे, गप्पा.

मग हा सगळा बाजार मी एका तक्त्यात मांडतो. शॉट, कोणी सांगितलं, काय खटकलं, प्रकार, निर्णय. शेरे आले त्या क्रमाने लावायचे नाहीत, शॉटच्या क्रमाने लावायचे. हे क्षुल्लक वाटतं, पण तसं लावल्याबरोबर भांडणं शेजारी शेजारी येऊन बसतात. शॉट 120 पाहा: थोरल्यांना कंटाळा येतो आणि धाकट्यांना लोगो आणखी वेळ हवा. लोगो चार सेकंद नुसता उभा होता, कंटाळा त्याचाच. व्हॉट्सॲपवर या दोन वाक्यांत अठ्ठावीस निरोप आणि एक लग्नपत्रिका होती, त्यामुळे ही भावाभावांची लढाई आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी तोडगा सुचवला: लोगो दोन सेकंद आधी कोपऱ्यात येऊ दे, शेवटी मोठा होऊन दोनच सेकंद थांबू दे. दिसतो चार सेकंदच, पण तोवर उंदीर पळत असतो.

“काय खटकलं” हा रकाना मी मुद्दाम तसा ठेवलाय. लोक आजार सांगत नाहीत, थेट औषध सांगतात. “उंदीर गोड करा” यावर मी डोळे मोठे केले असते, गाल फुगवले असते, आणि वहिनींनी पुन्हा तेच लिहिलं असतं. म्हणून फोन केला. “वहिनी, नेमका कुठे आवडला नाही?”

“तो डबा उघडतो ना, तिथे. दात दिसतात. आमच्या कोठीतल्या उंदरासारखा वाटतो.”

शॉट 080, दात लहान. काम दहा मिनिटांचं. अख्खं पात्र नव्याने काढण्यापासून एका फोनने वाचलो.

प्रकार तीन. चूक, म्हणजे मंजूर स्टोरीबोर्डाशी किंवा वस्तुस्थितीशी न जुळणारं. ती मी कधीही फुकट सुधारतो. बदल, म्हणजे आधी मंजूर केलेलं आता वेगळं हवं. तो फेरीत मोजला जातो, आणि फेऱ्या करारात दोनच. तिसरी आवड. ती नोंदली जाते, एवढंच.

प्रकार ठरवताना खरा कस लागला शॉट 060 ला. माटोळीत पिवळं काही नाही म्हणून धाकट्यांनी आंबा मागितला होता. आजींनी ड्राफ्ट पाहिला आणि फोन हातात घेऊन विचारलं, “चवथीक आंबो खंयचो रे पुता?” भाद्रपदातल्या माटोळीत आंबा! आता हा शेरा बदल की चूक? मी चूक लिहिलं, कारण जाहिरात पाहून गोव्यातली प्रत्येक आजी हेच विचारणार. पण खोडायचा अधिकार माझा नाही. निर्णयाचा रकाना त्यांच्याकडचा एकच माणूस भरतो आणि तो कोण, हे काम घेतानाच लिहून घेतो. इथे थोरले. त्यांनी धाकट्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण आंबा गेला आणि पिवळी केळी आली.

तक्ता थोरल्यांच्या सहीने बंद झाला की फेरी बंद. नव्या ड्राफ्टबरोबर तोच तक्ता परत पाठवतो. प्रत्येक ओळीपुढे “केलं”, नाहीतर “केलं नाही” आणि कारण. कारण लिहिलं नाही तर न केलेला शेरा पुढच्या फेरीत कपडे बदलून परत येतो. दुसऱ्या फेरीची यादी पहिलीपेक्षा आखूड असायला हवी. ती लांबली आणि त्यात “मुळात उंदीरच का?” असला प्रश्न दिसला, तर समजायचं की कोणीतरी पहिल्यांदाच पाहतंय. आमच्याकडे ते कुवेतचे काका निघाले. काकांना हत्ती हवा होता. थोरल्यांनी निर्णयाच्या रकान्यात “पुढच्या वर्षी” असं लिहिलं आणि मी त्यांच्या मुत्सद्देगिरीला मनातून नमस्कार केला.

दुसरी फेरी बंद झाली त्या रात्री तक्त्यात एक नवी ओळ उगवली. आवृत्ती बरोबर, शॉट क्रमांक बरोबर, प्रकारसुद्धा स्वतःच भरलेला: आवड. आजींनी नातीकडून लिहून घेतलं होतं, “उंदराने एवढे काजू खाल्ले, त्याला पाणी कोण देणार?” निर्णयाचा रकाना रिकामा होता. थोरल्यांना फोन लावला, तर म्हणाले, “आईचं मी कसं खोडू? तुम्हीच काय ते बघा.” शॉट 100 च्या कोपऱ्यात आता एक तांब्या आहे.